खरेदी समितीच्या सदस्याने हितसंबंध केव्हा आणि कसे जाहीर करावेत

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत पसरलेल्या मिहान प्रकल्पाच्या क्षेत्रात सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्या अनेक संस्था एकमेकींच्या शेजारी आहेत, परंतु त्या एकाच कायद्याखाली चालत नाहीत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) ही संसदेच्या कायद्याने चालणारी केंद्रीय संस्था आहे, भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) २०१७च्या स्वतंत्र अधिनियमाखाली येते, तर प्रकल्पाची उभारणी करणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी आणि विमानतळासाठी तिने भारतीय विमानतळ प्राधिकरणासोबत भागीदारीत स्थापन केलेली मिहान इंडिया लिमिटेड या कंपनी कायद्याखालील कंपन्या आहेत. याच परिसरात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची मोठी कार्यालयेही आहेत आणि शहरातील शासकीय अधिकारी, प्राध्यापक व डॉक्टर यांच्या घरातील माणसे त्यांत नोकरी करतात. विकणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या बाजूला एकाच शहरातली, पुष्कळदा एकाच नातेवर्तुळातली माणसे असणे ही येथील स्वाभाविक स्थिती आहे. त्यामुळे खरेदी समितीवर नेमला गेलेला सदस्य निर्णयापूर्वी कोणते घोषणापत्र देतो, केव्हा देतो आणि त्यानंतर समिती काय करते, हे येथे काम करणाऱ्यांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे भ्रष्टाचार नव्हे, आणि या दोहोंतील गल्लतीमुळेच घोषणापत्रे टाळली जातात किंवा डोळे मिटून भरली जातात. सदस्याचे शासकीय कर्तव्य एका बाजूला आणि त्याचा स्वतःचा, कुटुंबाचा किंवा निकटच्या व्यक्तीचा लाभ दुसऱ्या बाजूला अशी स्थिती निर्माण झाली, म्हणजे संघर्ष अस्तित्वात आला. सदस्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेतला की नाही, हा त्यानंतरचा आणि वेगळा प्रश्न आहे. अत्यंत सचोटीचा अधिकारीही अशा स्थितीत सापडू शकतो, कारण नातेवाइकाने कोठे नोकरी करावी किंवा कोणत्या कंपनीने निविदा भरावी हे त्याच्या हातात नसते. घोषणापत्रात तो अपराध कबूल करीत नसतो, तर एक वस्तुस्थिती नोंदवीत असतो. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १७५, ज्यात खरेदी करणारे अधिकारी आणि निविदाकार या दोघांसाठी सचोटीची संहिता दिली आहे, तो याच दृष्टीने लिहिलेला आहे: लाच, संगनमत, दबाव आणि खोटी माहिती यांवर त्यात बंदी आहे, परंतु हितसंबंधांच्या संघर्षाबाबत तो प्रकट करण्याचे बंधन आहे.

नात्याची व्याख्या कोठवर जाते

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधील नियम ४चा तिसरा पोटनियम या विषयाचा पाया आहे. कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील कोणीही एखाद्या कंपनीत किंवा पेढीत नोकरीला असेल, अथवा तो स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती अन्य कोणत्याही रीतीने त्या कंत्राटाशी हितसंबंधित असेल, तर त्याने ते प्रकरण हाताळू नये, कंत्राट मंजूर करू नये आणि प्रकरण वरिष्ठाकडे पाठवावे. पुढील कार्यवाही वरिष्ठाच्या सूचनेनुसार होईल, असे हा पोटनियम सांगतो. हा नियम केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि ज्या स्वायत्त संस्थांनी आपल्या सेवानियमांत तो स्वीकारला आहे त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही तो लागू होतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आहेत.

या पोटनियमात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की नातेवाइकाचे पद किती मोठे, त्याचा त्या निविदेशी प्रत्यक्ष संबंध किती, अशी कोणतीही प्रतवारी नियमाने केलेली नाही. सदस्याची पत्नी मिहानमधील एखाद्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत हजारो कर्मचाऱ्यांपैकी एक असेल, परदेशी ग्राहकाच्या कामावर असेल आणि नागपुरातील निविदेची तिला गंधवार्ताही नसेल, तरी त्या कंपनीने निविदा भरली असल्यास प्रकरण वरिष्ठाकडे पाठवणे सदस्यावर बंधनकारक ठरते. वरिष्ठ कदाचित त्यालाच पुढे काम करण्यास सांगेल, परंतु तसे सांगण्याचा अधिकार वरिष्ठाचा आहे. दुसरी गोष्ट या नियमाच्या मर्यादेची आहे. या नियमांतील कुटुंबाच्या व्याख्येत पती किंवा पत्नी येते, पण मुलगा-मुलगी पूर्णतः अवलंबून असतील तरच येतात, आणि रक्ताच्या किंवा विवाहसंबंधाच्या अन्य नातेवाइकांनाही हीच अवलंबित्वाची अट आहे. म्हणजे स्वतः कमावणारा मुलगा, विवाहित मुलगी, जावई, भाऊ, मेहुणा, भाचा हे सर्व व्याख्येबाहेर राहतात, आणि नागपूरसारख्या शहरात खरेदीच्या संदर्भात अडचण उभी राहते ती बहुधा याच नात्यांमुळे.

ही उणीव अन्यत्र ओळखली गेलेली आहे. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या निविदा-अटींमध्ये, ज्या मंडळात ठेकेदाराचा जवळचा नातेवाईक विशिष्ट पदांवर आहे त्या मंडळात त्याला निविदा भरण्यास मनाई आहे, आणि तेथे जवळच्या नातेवाइकांत आईवडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, भाऊ-बहिणी, काका-मामा, आत्या-मावश्या, चुलत-मामे भावंडे आणि या सर्वांशी समांतर असे सासरकडील नातेवाईकही मोजले आहेत. सदस्याने घोषणापत्र भरताना हीच विस्तृत व्याख्या डोळ्यांसमोर ठेवावी, कारण वर्तणूक नियम न्यूनतम मर्यादा सांगतात. त्या मर्यादेपलीकडील नाते प्रकट केल्याने कोणताही नियम मोडत नाही. मात्र ते लपून राहिले आणि पुढे तक्रारीतून बाहेर आले, तर व्याख्येच्या आधाराने केलेला बचाव कायद्यात टिकला तरी निर्णयावरील विश्वास परत येत नाही.

नात्याव्यतिरिक्तचे संबंधही प्रकट करावयाचे असतात. त्यांत निविदाकार कंपनीचे शेअर, मागील काही वर्षांत तिच्याकडून घेतलेले सल्ला-शुल्क किंवा व्याख्यानाचे मानधन, तिने पुरस्कृत केलेला संशोधन प्रकल्प, तिच्याशी चाललेली नोकरीची बोलणी, तिला भाड्याने दिलेली जागा आणि तिच्याशी चालू असलेला वाद यांचा समावेश होतो. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्या पुरवठादाराविरुद्ध सदस्याने वैयक्तिक दावा लावलेला आहे, त्याच्या निविदेचे मूल्यमापन त्याच सदस्याने करणे हाही हितसंबंधांचा संघर्ष आहे, कारण पूर्वग्रह अनुकूल असो वा प्रतिकूल, निर्णय त्याने सारखाच दूषित होतो.

प्रकट करणे हे सदस्याचे काम, आणि प्रकट झालेल्या संबंधाचे वजन ठरवणे हे समिती नेमणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याचे काम, ही विभागणी या विषयाचा कणा आहे. “संबंध आहे, पण किरकोळ आहे, म्हणून लिहिला नाही” असे जेव्हा सदस्य म्हणतो, तेव्हा त्याने स्वतःच्या प्रकरणात स्वतःच निवाडा केलेला असतो.

घोषणा कोणत्या टप्प्यावर

प्रचलित पद्धतीत घोषणापत्र बहुधा एकदाच घेतले जाते, तेही निर्णयाच्या टिपणीवर सह्या होताना. सामान्य वित्तीय नियमांतील नियम १५५ नुसार लहान खरेदीसाठी तीन सदस्यांची स्थानिक खरेदी समिती बाजारभाव पाहून शिफारस करते आणि एक प्रमाणपत्र देते, ज्यात वस्तू आवश्यक गुणवत्तेची आहे, किंमत प्रचलित बाजारभावाची आहे आणि पुरवठादार विश्वासार्ह आहे असे सर्व सदस्य संयुक्तपणे व स्वतंत्रपणे नमूद करतात. या प्रमाणपत्रात सदस्य आणि पुरवठादार यांच्यातील संबंधाबद्दल शब्दही नाही. त्यामुळे ते भरले म्हणजे हितसंबंधांचीही घोषणा झाली, असे मानणे चुकीचे आहे; लहान खरेदीतही त्यासाठी वेगळे वाक्य, आणि तेही शिफारशीपूर्वी, नस्तीवर आले पाहिजे.

मोठ्या खरेदीत, जेथे नियम १६३ नुसार द्विलिफाफा पद्धत वापरली जाते, म्हणजे तांत्रिक आणि आर्थिक निविदा स्वतंत्र लिफाफ्यांत किंवा ऑनलाइन पद्धतीत स्वतंत्र भागांत मागवल्या जातात आणि तांत्रिक छाननीत पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात, तेथे एकच घोषणा पुरेशी होऊ शकत नाही. समिती नेमली जाते त्या दिवशी निविदाकार कोण हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे त्या दिवशीचे “कोणाशीही संबंध नाही” हे विधान रिकामे असते. उलट, सर्व काही झाल्यावर शेवटच्या टिपणीवर दिलेल्या घोषणेने काहीच थांबवता येत नाही. म्हणून पहिली घोषणा विनिर्देश, म्हणजे वस्तूच्या तांत्रिक अपेक्षांचे वर्णन, तयार करण्याआधी घ्यावी आणि ती ज्ञात उत्पादकांसंबंधी असावी; दुसरी घोषणा तांत्रिक लिफाफा उघडून निविदाकारांची नावे कळल्यावर, पण छाननीचे पहिले पान वाचले जाण्यापूर्वी घ्यावी. दुसरी घोषणा निविदाकारांच्या यादीसह असणे अनिवार्य आहे, आणि त्या यादीत केवळ निविदा भरणारी पेढी नव्हे, तर तिच्यामागील मूळ उत्पादक, संयुक्त उपक्रमातील भागीदार आणि जाहीर केलेले उपकंत्राटदार यांचीही नावे असावीत. वैद्यकीय उपकरणे आणि संगणकप्रणाली यांच्या बाजारात निविदा भरतो अधिकृत विक्रेता, आणि सदस्याचा संबंध बहुधा असतो तो उत्पादकाशी. केवळ विक्रेत्याचे नाव वाचून “संबंध नाही” अशी सही करणारा सदस्य खोटे बोलत नसतो, पण त्याला चुकीचा प्रश्न विचारला गेलेला असतो.

यानंतरही संबंध नव्याने निर्माण होऊ शकतो, म्हणून घोषणापत्रात बदल झाल्यास तत्काळ कळवण्याची बांधिलकी असावी.

एक उदाहरण, टप्प्याटप्प्याने

पुढील प्रकरण कल्पित आहे, परंतु त्यातील प्रत्येक वळण प्रत्यक्ष व्यवहारात येणारे आहे. मिहान परिसरातील एखाद्या सार्वजनिक वैद्यकीय संस्थेला सहा सोनोग्राफी यंत्रे घ्यावयाची आहेत, असे समजावे. निविदा समितीत प्रशासनाचा एक वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष आहे, वित्त विभागाचा एक प्रतिनिधी आहे आणि यंत्रे जेथे बसणार त्या क्ष-किरणशास्त्र विभागाचा प्रमुख हा तांत्रिक सदस्य आहे. विनिर्देश याच विभागप्रमुखाने तयार केलेले आहेत. तांत्रिक लिफाफे उघडल्यावर चार निविदा आढळतात, ज्यांना क, ख, ग आणि घ म्हणता येईल. निविदा ख भरणारी पेढी ही नागपुरातील अधिकृत विक्रेती असून तिच्या देखभाल विभागात विभागप्रमुखाच्या पत्नीचा भाऊ नोकरीला आहे. तो विक्री विभागात नाही, त्याला निविदेवर कमिशन मिळणार नाही, आणि वर्तणूक नियमांच्या व्याख्येनुसार तो कुटुंबातही मोडत नाही.

विभागप्रमुखाने हे नाते लेखी कळवले, येथवर प्रक्रिया योग्य चालली. यानंतर अध्यक्ष बहुधा जी सूचना करतात ती अशी की निविदा ख चर्चेला येईल तेवढ्यापुरते विभागप्रमुखाने बाहेर बसावे आणि क, ग, घ यांची छाननी त्यांनीच करावी, कारण यंत्रांची जाण समितीत त्यांनाच आहे. हा मार्ग समंजस वाटतो, परंतु तो सदोष आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो दोनदा नाकारला आहे.

ए. के. क्रैपक विरुद्ध भारत सरकार या १९६९च्या निकालात भारतीय वन सेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडणाऱ्या मंडळावरील एक सदस्य स्वतः उमेदवारही होता. आपल्या नावाचा विचार होत असताना तो बैठकीत नव्हता, परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या मूल्यमापनात त्याने भाग घेतला. न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली. जे. महापात्रा आणि कंपनी विरुद्ध ओडिशा राज्य हा १९८४चा निकाल तर थेट खरेदीविषयक आहे. ग्रंथालयांसाठी शासकीय खर्चाने घ्यावयाची पुस्तके निवडणाऱ्या समितीत असे सदस्य होते ज्यांची स्वतःची पुस्तके निवडीसाठी आलेली होती. आपल्या पुस्तकाच्या वेळी सदस्य बाजूला होतो, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही, कारण एकाने दुसऱ्याच्या पुस्तकाला अनुकूल राहावे आणि दुसऱ्याने पहिल्याच्या, अशी परस्पर सोय होण्याचा वाजवी संभव अशा रचनेत असतोच, आणि प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध होण्याची गरज नसून असा संभव असणे पुरेसे आहे. दुसरे कोणी उपलब्ध नाही म्हणून हितसंबंधित व्यक्तीलाच काम करावे लागले, या अपरिहार्यतेच्या युक्तिवादालाही तेथे थारा मिळाला नाही, कारण समिती शासनानेच नेमलेली होती आणि दुसरे सदस्य नेमणे शासनाला शक्य होते.

हे तत्त्व सोनोग्राफी यंत्रांना तंतोतंत लागू पडते. निविदांची छाननी तुलनात्मक असते. क आणि ग तांत्रिकदृष्ट्या बाद झाल्या तर ख जिंकण्याची शक्यता वाढते, मग ख बद्दल विभागप्रमुखाने एक शब्दही उच्चारलेला नसला तरी. म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याने त्याला संपूर्ण छाननीतून मुक्त करावे आणि त्याच्या जागी दुसरा जाणकार नेमावा. संस्थेत दुसरा क्ष-किरणतज्ज्ञ असला तरी तो विभागप्रमुखाच्या हाताखालचा असेल, तर बदल केवळ कागदोपत्री होतो. हाताखालच्या डॉक्टराला आपल्या प्रमुखाचे नाते ठाऊक असताना मोकळेपणाने मत देता येईल अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या अन्य सार्वजनिक संस्था असल्याने बाहेरचा तज्ज्ञ मागवणे अवघड नाही. त्या तज्ज्ञानेही छाननीपूर्वी निविदाकारांच्या यादीसह स्वतःचे घोषणापत्र द्यावयाचे असते, ही गोष्ट घाईत राहून जाते.

आता सर्वांत नाजूक भाग येतो. विभागप्रमुख छाननीतून बाहेर पडला, पण त्याने लिहिलेले विनिर्देश मागे उरले, आणि खरेदीचा कल बहुतांशी तेथेच ठरतो. यंत्राच्या पडद्याचा आकार, प्रोबचा प्रकार किंवा एखाद्या सॉफ्टवेअर सुविधेचे नाव अशा रीतीने लिहिता येते की एकच उत्पादक त्यात बसावा, आणि तरीही ती ओळ वाचणाऱ्या वित्त प्रतिनिधीला त्यात काही वावगे दिसू नये. म्हणून नव्या तज्ज्ञाकडून प्रथम विनिर्देशांचाच आढावा घ्यावा. प्रत्येक अटीसमोर ती किती उत्पादकांची यंत्रे पूर्ण करतात आणि रुग्णसेवेसाठी ती का आवश्यक आहे, हे त्याने लिहावे. निविदापूर्व बैठकीत इतर कंपन्यांनी कोणत्या अटीवर आक्षेप घेतले होते आणि त्यांना काय उत्तर दिले गेले, हेही तपासावे. एकाच अटीवर दोन-तीन कंपन्यांनी हरकत घेतलेली असेल आणि ती कारण न देता फेटाळलेली असेल, तर ती ठळक खूण समजावी. विनिर्देश निर्दोष आढळले तर तसा अभिप्राय नस्तीवर घेऊन छाननी पुढे न्यावी. एखादी अट एकाच उत्पादकाला अनुकूल आणि वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक आढळली, तर निविदा रद्द करून दुरुस्त विनिर्देशांसह पुन्हा मागवणे हाच मार्ग उरतो, कारण निविदा आल्यानंतर अट शिथिल केली तर ती अट पाहून निविदाच न भरलेल्या कंपन्यांवर अन्याय होतो.

हे सर्व आर्थिक लिफाफे बंद असताना घडले, म्हणून दुरुस्ती शक्य झाली. तेच नाते दर उघडल्यावर कळले असते, तर नव्या सदस्याकडून तांत्रिक छाननी पुन्हा करून घेण्याला फारसा अर्थ राहिला नसता, कारण कोण पात्र ठरल्यास कोण जिंकेल हे सर्वांना ठाऊक झालेले असते आणि दुसरा निष्कर्ष कोणताही निघाला तरी त्यावर संशय घेता येतो. अशा वेळी सक्षम प्राधिकाऱ्याला बहुधा संपूर्ण प्रक्रिया नव्याने करावी लागते आणि यंत्रे काही महिने उशिरा येतात. तो उशीर रुग्णांच्या वाट्याला येतो, आणि म्हणूनच तांत्रिक छाननीपूर्वीच्या घोषणेला एवढे महत्त्व द्यावे लागते.

घोषणापत्रात काय लिहावे

“कोणत्याही निविदाकाराशी हितसंबंधांचा संघर्ष नाही” या एका वाक्याचा छापील नमुना बहुतेक ठिकाणी वापरात असतो. त्यात सदस्याला वस्तुस्थितीऐवजी निष्कर्ष लिहावा लागतो, आणि संघर्ष म्हणजे काय हे ठरवण्याचे काम पुन्हा त्याच्याकडेच जाते. त्याऐवजी पुढील स्वरूपाचा मजकूर अधिक उपयुक्त ठरतो:

“निविदा क्रमांक ____ मधील निविदाकार, मूळ उत्पादक, भागीदार आणि उपकंत्राटदार यांची सोबत जोडलेली यादी खाली सही करणाऱ्या सदस्याने वाचली आहे. यादीतील कोणत्याही संस्थेत सदस्य, त्याचे जवळचे नातेवाईक (सासरकडील नातेवाइकांसह) किंवा त्याचे व्यावसायिक भागीदार यांची नोकरी, मालकी, भागीदारी, शेअर, सल्लागारपद अथवा अन्य आर्थिक संबंध सध्या आहे किंवा मागील तीन वर्षांत होता काय: होय / नाही. ‘होय’ असल्यास संस्थेचे नाव, संबंधाचे स्वरूप आणि कालावधी: ____. यादीतील कोणाशीही वैयक्तिक वाद किंवा न्यायालयीन प्रकरण आहे काय: होय / नाही; तपशील: ____. निर्णय होईपर्यंत यात बदल झाल्यास सदस्य त्याच दिवशी लेखी कळवील. दिनांक व वेळ: ____.”

यातील तीन वर्षांची मुदत संस्थेने आपल्या गरजेनुसार ठरवावी. नातेवाइकाचे नाव लिहिणे अनिवार्य करू नये. नाते आणि त्याचे पद पुरेसे असते, आणि नाव हवेच असल्यास ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे बंद लिफाफ्यात द्यावे, कारण नस्ती पुष्कळांच्या हातून जाते आणि माहितीच्या अधिकारात मागवलीही जाऊ शकते. घोषणापत्रासोबत प्राधिकाऱ्याचा निर्णयही कारणासह नोंदवला गेला पाहिजे. “पाहिले” एवढ्या शेऱ्याने प्रकटीकरण होते, पण त्यावर कोणी विचार केल्याचे दिसत नाही. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने अशी नस्ती घोषणापत्र नसलेल्या नस्तीहून फारशी वेगळी नसते.

दक्षता अधिकारी किंवा लेखापरीक्षक नस्ती तपासताना घोषणापत्राचा दिनांक आणि छाननीच्या इतिवृत्ताचा दिनांक शेजारी ठेवून पाहतात. सर्व सदस्यांच्या घोषणा एकाच शाईत, एकाच दिवशी आणि इतिवृत्ताच्या सह्यांबरोबरच झालेल्या असतील, तर त्या मागाहून जोडल्याचा अंदाज बांधता येतो. यादी जोडलेली नसणे, किंवा वर्षानुवर्षे एकाही समितीत एकाही सदस्याने ‘होय’ न लिहिणे, ही त्याच प्रकारची लक्षणे आहेत. ज्या शहरात पुरवठादार आणि खरेदीदार एकाच वस्तीत राहतात, तेथे सर्वच घोषणापत्रे कोरी असतील तर ती वाचूनच भरली जातात का, याचा शोध संस्थेने स्वतःहून घ्यावा. दुसरी बाजू पडताळण्यासाठी निविदाकारांकडूनही, त्यांच्या संचालकांचा किंवा संबंधित कर्मचाऱ्यांचा संस्थेतील कोणाशी नातेसंबंध आहे काय, हे लिहून घ्यावे. दोन उत्तरे जुळली नाहीत तर चौकशीचा धागा तेथेच मिळतो.

कंपनीच्या संचालकाची स्थिती

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी किंवा मिहान इंडिया यांसारख्या कंपनीत कंत्राटाचा अंतिम निर्णय संचालक मंडळापुढे येतो तेव्हा कंपनी अधिनियम २०१३चे कलम १८४ लागू होते. त्यानुसार प्रत्येक संचालकाने दर आर्थिक वर्षातील पहिल्या बैठकीत आपले इतर कंपन्या व पेढ्या यांतील हितसंबंध नमुना एमबीपी-१ मध्ये कळवावयाचे असतात, आणि ज्या कंपनीत त्याचे शेअर दोन टक्क्यांहून अधिक आहेत किंवा ज्या पेढीचा तो भागीदार आहे तिच्याशी करार होणार असेल, तर त्या बैठकीत तसे सांगून चर्चेत भाग घ्यावयाचा नसतो. हे न पाळता झालेला करार रद्द करण्याचा विकल्प कंपनीला असतो. वार्षिक नमुना भरला म्हणजे विशिष्ट कंत्राटाच्या वेळी पुन्हा सांगण्याची गरज नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. कायद्यात ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत.

कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आईवडील, मुलगा व सून, मुलगी व जावई, भाऊ आणि बहीण येतात, परंतु पत्नीचा भाऊ येत नाही. म्हणजे वरील उदाहरणातील मेहुणा केंद्रीय संस्थेच्या नियमांतून जसा निसटतो, तसाच शेजारच्या कंपनीच्या कायद्यातूनही निसटतो. मिहानमध्ये एका संस्थेचा तज्ज्ञ दुसऱ्या संस्थेच्या समितीवर बोलावला जाण्याचा प्रसंग येऊ शकतो, आणि आपल्या मूळ संस्थेत जे सांगावे लागत नाही ते येथेही सांगावे लागणार नाही असे त्याने गृहीत धरू नये. बोलावणाऱ्या संस्थेने नेमणुकीच्या पत्रासोबतच आपला घोषणापत्राचा नमुना आणि त्यातील नात्यांची व्याख्या पाठवावी.

कंत्राट दिले गेल्यावर घोषणापत्राची उपयुक्तता संपत नाही. यंत्रे आल्यावर ती विनिर्देशांप्रमाणे आहेत की नाहीत हे तपासणारी स्वीकृती समिती, विलंबासाठी दंड आकारण्याचा प्रस्ताव, देखभालीच्या बिलांचे प्रमाणन आणि हमीच्या काळातील तक्रारी हे सर्व निर्णय पुन्हा वापरकर्त्या विभागाकडे, म्हणजे बहुधा त्याच विभागप्रमुखाकडे येतात. निविदा ख अखेरीस निर्दोष प्रक्रियेतून जिंकली, तर मेहुणा ज्या देखभाल विभागात आहे त्याच विभागाची बिले विभागप्रमुखाच्या सहीसाठी येतील, आणि छाननीच्या वेळी दूरचे वाटलेले नाते आता थेट कामाचे होईल. म्हणून मुक्ततेच्या आदेशातच ती स्वीकृती, देयके आणि हमीचा संपूर्ण कालावधी यांना लागू राहील असे लिहावे, त्या कामांसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम नमूद करावे आणि आदेशाची प्रत लेखा शाखेला व भांडारपालाला द्यावी.